प्रोजेक्ट प्रेझेंटेशनचा क्रम कसा लावायचा? चिठ्ठी, स्वेच्छा आणि अवघडपणा

आमच्याकडे रोल नंबर आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात. त्यामुळे आगवणे, आंब्रे, भोईर ही मंडळी पहिल्या वर्षापासून प्रत्येक व्हायवात, प्रत्येक सेमिनारला सकाळी पहिल्या तासाला उभी. वाघमारे आणि यादव कायम परीक्षकांना जेवणाची आठवण यायच्या वेळेला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं तर यादीच्या शेपटालाच जोडलेली, त्यामुळे त्यांचा नंबर यादवांच्याही नंतर. नवी मुंबईत शिकवायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मीही शेवटच्या वर्षाची प्रेझेंटेशनं ग्रुप लीडरच्या रोल नंबरनेच घेतली. त्यात आपल्याला काही ठरवावं लागत नाही, म्हणून ते न्याय्य वाटतं.

तिसऱ्या वर्षी एक मुलगी सहज म्हणाली, "मॅडम, कॉलेजात आल्यापासून दुसऱ्या कुणाचं प्रेझेंटेशन बघून मग आपलं द्यायचं, असं माझं एकदाही झालेलं नाही." तक्रार नव्हती ती, पण घरी जाताना ऐरोली येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. एखाद्या दिवशी पहिलं जावं लागणं वेगळं आणि चार वर्षं तेच ताट वाढलं जाणं वेगळं.

तुम्ही नव्याने प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर झाला असाल, तर क्रम लावायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल. मी आता ते कसं करते ते इथे सांगते. हिशोबाला सोपं जावं म्हणून एकच वर्ग धरू: 64 मुलं, चार-चार जणांचे 16 ग्रुप, दोन सकाळी, एक इंटर्नल आणि एक एक्स्टर्नल परीक्षक. प्रत्येक ग्रुपला 20 मिनिटं. त्यात 12 मिनिटं बोलणं आणि डेमो, 5 मिनिटं प्रश्न, 3 मिनिटं मार्क भरायला आणि पुढच्यांची वायर जोडायला. दहा वाजता सुरू केलं की चार ग्रुप 11:20 ला संपतात, 15 मिनिटं चहा, पुढचे चार 12:55 ला. म्हणजे दोन दिवसांत चार-चार ग्रुपची चार सत्रं. त्यांना क, ख, ग, घ म्हणू.

क्रमाने मार्क हलतात कसे

चांगलं काम कधीही दाखवलं तरी चांगलंच दिसतं, असं आपण मानतो. ते पूर्ण खरं नाही. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची संगीत स्पर्धा होते. तिच्या अंतिम फेरीत 12 वादक असतात, रोज संध्याकाळी दोघं, असे सहा दिवस, आणि क्रम चिठ्ठीने ठरतो. अनेक वर्षांचे निकाल तपासून 1996 साली दोन अभ्यासकांनी दाखवलं की पहिल्या दिवशी वाजवणारे खालच्या क्रमांकावर राहण्याकडे कल आहे. चिठ्ठीने पहिल्या दिवशी दरवर्षी कच्चेच वादक पडावेत, हे शक्य नाही. त्यांनी सुचवलेलं एक कारण असं: अंतिम फेरीत सगळ्यांना एक नवी रचना वाजवावी लागते आणि ती परीक्षकांनीही आधी ऐकलेली नसते. पहिल्या दिवशी तेही ती रचना शिकतच असतात.

आपल्या एक्स्टर्नलचं नेमकं हेच होतं. हे सर दुसऱ्या कॉलेजातून आलेले असतात, ही बॅच किती पाण्यात आहे याचा त्यांना अंदाज नसतो. पहिल्या ग्रुपला 50 पैकी 44 दिले आणि पुढे त्याहून सरस चार ग्रुप निघाले तर काय, म्हणून हात आखडतो आणि 36 वर थांबतो. अकराच्या सुमारास अंदाज येतो, हात सैल होतो. मुद्दाम कुणी काही करत नाही. पण पहिल्या तासातल्या दोन-तीन ग्रुपना त्याची किंमत मोजावी लागते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. एमबीए प्रवेशाच्या 9,000 हून अधिक मुलाखतींचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. मुलाखत घेणाऱ्याने त्या दिवशी आधीच्या उमेदवारांना भरभरून मार्क दिलेले असतील, तर पुढच्याला तो थोडे कमी देतो, असं त्यात दिसलं. दिवसाचं रेशन ठरलेलं असावं तसं. म्हणजे तुमच्या आधी तीन तगडे ग्रुप झाले असतील, तर तुमच्या बऱ्या कामालाही 'आता पुरे' हा भाव लागू शकतो.

तिसरी गोष्ट साधी आहे आणि तिच्याकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. नंतर येणाऱ्याला जास्त वेळ मिळतो. पहिल्या दिवशीचे प्रश्न रात्री व्हॉट्सअॅपवर फिरतात, दुसऱ्या दिवशीचे ग्रुप त्याप्रमाणे स्लाइड बदलतात. ब्रुसेल्सवाल्यांनी याला उत्तर शोधलेलं आहे: नवी रचना बसवायला प्रत्येक वादकाला तेवढाच, एक आठवडा मिळतो, कारण ते रोज दोन-दोन करून तयारीच्या जागी दाखल होतात. आपल्याला एवढं जमणार नाही. फाइल सगळ्यांची एकाच वेळी गोठवणं मात्र जमतं. त्याबद्दल पुढे सांगते.

"कोण येतंय आधी?" याचा खरा हिशोब

स्वेच्छेची पद्धत दिसायला लोकशाही आहे. वर्गात विचारायचं, हात वर होतील तसे नंबर द्यायचे. मी एक वर्ष हे केलं. पहिले चार हात पाच मिनिटांत वर आले आणि ते कुणाचे असणार हे मला आधीच माहीत होतं: बोलायला न घाबरणारे, काम वेळेत झालेले. मग शांतता. मग "तू जा ना", "नाही, तुम्ही जा". शेवटचे पाच ग्रुप मलाच ढकलावे लागले.

यातली गोम अशी की ज्याला भीती कमी, तो लवकर मोकळा होतो आणि ज्याला सगळ्यात जास्त भीती, तो सगळ्यात जास्त वेळ वाट बघत बसतो. दोन दिवस दुसऱ्यांची प्रेझेंटेशनं बघत. त्यातली पहिली चार तर वर्गातली सर्वोत्तम. माझ्या त्या वर्षीच्या शेवटच्या ग्रुपमधला एक मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाणी पिऊन पिऊन शेवटी स्वतःच्या वेळेलाच बाहेर गेलेला होता.

मार्कांवरचा परिणाम तर उलगडताच येत नाही. पहिल्या सत्रात मार्क जास्त पडले, तर ते आधी गेल्यामुळे की मुळात हुशार ग्रुपच आधी गेल्यामुळे? याची एक गाजलेली फजिती आहे. इस्राएलमधल्या पॅरोल सुनावण्यांवर 2011 साली एक अभ्यास आला: न्यायाधीशांच्या खाण्याच्या सुट्टीनंतर अर्ज मंजूर होतात आणि सत्राच्या शेवटी फेटाळले जातात. बातमी जगभर झाली, भुकेलेला न्यायाधीश सगळ्यांना पटला. मग त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की तिथला क्रम मुळात चिठ्ठीसारखा नव्हताच. ज्या कैद्यांना वकील नव्हता त्यांची प्रकरणं बहुधा सत्राच्या शेवटी येत, आणि वकील नसलेल्यांचे अर्ज तसेही जास्त फेटाळले जातात. तुम्ही स्वेच्छेने क्रम लावलात की तुमच्या मार्कशीटचं असंच होतं. त्यावरून पुढे काहीही तपासता येत नाही.

काही जण पहिल्या ग्रुपला दोन मार्क बोनस देतात. कृपया देऊ नका. मार्क प्रोजेक्टचे आहेत, धाडसाचे नाहीत. शिवाय हे दोन मार्क ज्यांना नको त्यांनाच जातात.

तरीही स्वेच्छा पूर्ण टाकून देण्यासारखी नाही. पहिली जागा लादली तर छातीत धडधड, आणि स्वतः मागून घेतली तर तीच जागा सुटका वाटते, हे मी दरवर्षी बघते. म्हणून मी स्वेच्छेला एवढ्या एकाच जागेपुरती ठेवते: प्रत्येक सत्राची पहिली जागा. कशी, ते खाली.

अवघडपणावरून क्रम

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण हा क्रम मी लावतच नाही. सोप्यापासून अवघडाकडे जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, अवघड कोण ठरवणार? गाइड मंडळींना विचारलंत तर प्रत्येकाला आपलाच ग्रुप अवघड वाटतो. यादी लागली की मुलांना एका नजरेत कळतं की आपल्याला 'सोप्या'त टाकलंय, आणि ते परीक्षकांनाही कळतं. ओळीतली जागा हाच मग शेरा होतो. अवघडापासून सोप्याकडे गेलात तर आणखी वाईट. सेन्सर आणि मोटर लावून पाण्याची टाकी स्वतः भरणारा डेमो बघितल्यावर लगेच लायब्ररीचं साधं सॉफ्टवेअर बघायला बसलेला परीक्षक मनातल्या मनात दोन मार्क आधीच कापून बसतो.

अवघडपणाचा उपयोग क्रमाला नाही, पण मांडणीला दोन ठिकाणी होतो. हार्डवेअरचा ग्रुप असेल तर त्याला बोर्ड, वायरी, सप्लाय लावायला तीन मिनिटं पुरत नाहीत. त्यांना शेजारच्या लॅबमध्ये टेबल द्या, तिथे आधीच सगळं लावून ठेवू द्या आणि परीक्षकांनी दहा पावलं चालत जावं. त्यासाठी त्यांचा नंबर बदलायची गरज नाही. दुसरं म्हणजे सारखे विषय. दर वर्षी चेहरा ओळखून हजेरी लावणारे किमान तीन प्रोजेक्ट असतात (हजेरीवर मुलांचा एवढा जीव का, हे मला अजून कळलेलं नाही). ते लागोपाठ आले तर तिसऱ्याला परीक्षक पहिल्याचेच प्रश्न विचारतो किंवा काहीच विचारत नाही. दोन्ही वाईट.

चिठ्ठी, पण दोनदा

चिठ्ठीनेही पहिल्या ग्रुपचं नुकसान टळत नाही. ते कुणाच्या वाट्याला येईल हे मात्र आडनावावर, आवाजावर किंवा गाइडच्या वजनावर ठरत नाही. म्हणून मूळ पद्धत चिठ्ठीचीच. प्रश्न असतो तो कधी काढायची याचा.

आठवडाभर आधी पूर्ण क्रम जाहीर केला तर सोळावा ग्रुप निवांत होतो आणि पहिला आठवडाभर झोपत नाही. अगदी त्या दिवशी सकाळी काढली तर सगळे सारखे तयार, पण 64 जण दोन्ही दिवस सकाळपासून हजर. आमची मुलं बदलापूरहून येतात, कर्जतहून येतात, काही उरणहून. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडून पोहोचलेल्या मुलाला 'आज नाही, उद्या तुझा नंबर' सांगणं म्हणजे त्याचा दिवस आणि जीव दोन्ही वाया. म्हणून दोन टप्पे. तीन-चार दिवस आधी फक्त सत्र ठरतं, सत्रातला नंबर त्याच सकाळी ठरतो. मुलाला माहीत असतं की आपण शुक्रवारी पहिल्या सत्रात, म्हणजे दहा ते 11:20. वाट बघायची तर जास्तीत जास्त तासभर.

प्रेझेंटेशन गुरुवार-शुक्रवारी असेल, तर मी असं करते.

आधीच्या गुरुवारी नियम एका पानावर लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाकते आणि एचओडींची सही घेते. काय लिहायचं ते पुढे येईलच, पण चिठ्ठ्या काढण्याआधी लिहायचं, हे महत्त्वाचं. निकाल बघून केलेला नियम कितीही शहाणा असला तरी पक्षपातच वाटतो.

त्यानंतरच्या दोन दिवसांत मी मुलांना सांगते की कुणाला काही अडचण असेल तर एकटं येऊन भेटा. एखाद्याचं बोलणं अडखळतं, एखादीला पॅनिकचा त्रास आहे, कुणाची त्याच दिवशी हॉस्पिटलची तारीख आहे. अशा ग्रुपला मी जागा आधीच ठरवून देते आणि कारण कुणालाही सांगत नाही. नियमांच्या पानावर 'काही जागा कोऑर्डिनेटरने आधी नेमलेल्या असतील' एवढंच वाक्य असतं. अडखळणाऱ्या मुलाला पहिली जागा द्यावी, म्हणजे लवकर सुटेल, असं वाटतं. पण विचारून बघितल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरी मागितली. पहिल्या ग्रुपमध्ये प्रोजेक्टर, माइक, परीक्षकांची ओळख असला गोंधळ असतो. तो मिटलेला असतो आणि वाटही फार बघावी लागत नाही.

सोमवारी वर्गात चिठ्ठ्या. इथे एक जुनी गोष्ट सांगते, कारण चिठ्ठ्या नीट मिसळणं हे दिसतं तितकं सोपं नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1 डिसेंबर 1969 ला अमेरिकेत सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षातल्या 366 तारखा एकेका कॅप्सूलमध्ये घालून बरणीत टाकल्या होत्या. पण कॅप्सूल महिन्यामागून महिना अशा भरल्या गेल्या आणि पुरेशा ढवळल्याच गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या तारखा लवकर निघण्याचं प्रमाण डोळ्यात भरण्याइतकं जास्त झालं. पुढच्या सोडतीला त्यांनी दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात क्रमांक, आणि दोन्हींतून एकेक काढत गेले.

मी तेच दोन डबे वापरते. एका डब्यात 16 ग्रुपच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात सत्रांच्या 16: क, ख, ग, घ प्रत्येकी चार. आधी नेमलेल्या जागा आणि ते ग्रुप दोन्ही डब्यांतून वजा. कागद एकाच वहीचा, सगळ्या चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या. एक मुलगा एका डब्यातून काढतो, एक मुलगी दुसऱ्यातून, सीआर फळ्यावर लिहितो. संपल्यावर फळ्याचा फोटो. दहा मिनिटांचं काम आहे.

कॉम्प्युटरवरच करायचं असेल तर गूगल शीटमध्ये ग्रुपच्या नावांशेजारच्या रकान्यात हे सूत्र घाला:

```
=RAND()
```

मग तो रकाना कॉपी करून त्याच जागी `Ctrl+Shift+V` ने फक्त आकडे चिकटवा आणि त्यावरून क्रमवारी लावा. ही चिकटवायची पायरी विसरलात तर शीटमध्ये काहीही लिहिलं की आकडे बदलतात, आणि मुलं म्हणतात, मॅडमनी पुन्हा फिरवलं. मला डबेच बरे वाटतात. चिठ्ठी स्वतः काढलेला मुलगा नंतर वाद घालत नाही.

सारख्या विषयांचा नियमही इथेच लागतो. तीन हजेरीवाले एकाच सत्रात पडले तर चार जागांत त्यांना वेगळं ठेवताच येत नाही. म्हणून तिसऱ्याला तेच सत्र निघालं, तर ती सत्राची चिठ्ठी डब्यात परत आणि दुसरी काढायची. दोनच असतील तर सोमवारी काही करायचं नाही. त्या सकाळी शेजारी-शेजारी आले की दोघांतला दुसरा आपल्या नंतरच्या ग्रुपशी जागा बदलतो, आणि तो सत्रात शेवटचाच असेल तर दोघांतला पहिला एक जागा आधी सरकतो. याखेरीज पुन्हा चिठ्ठी नाही. "मॅडम, आमच्या ग्रुपमधल्या एकाचा वाढदिवस आहे" यालाही नाही.

बुधवारी संध्याकाळी पाचला सोळाही ग्रुपच्या स्लाइड, रिपोर्ट आणि डेमोचं फोल्डर जमा. शुक्रवारच्यांचंही. डेमो त्याच फोल्डरमधून चालवायचा. शुक्रवारवाल्यांना सराव करायला एक दिवस जास्त मिळतोच, तो काढून घेता येत नाही. पण पहिल्या दिवशीचे प्रश्न ऐकून रातोरात नवीन स्लाइड घुसवणं बंद होतं. त्याच वेळी मी सगळ्यांना सहा मूळ प्रश्न देऊन टाकते: हाच विषय का, कुठला भाग कुणी केला, डेटा कुठून आला, कुठे चालत नाही, असे. परीक्षकांनाही तेच सहा देते, आणि वर त्यांना हवं ते विचारायची मोकळीक असते. आधीचं बघून मिळणारा फायदा त्यामुळे बराच उतरतो.

त्या सकाळी

पावणेदहाला पहिल्या सत्राचे चार ग्रुप बोलवायचे आणि विचारायचं, पहिलं कुणाला जायचंय? एकच हात आला तर ती जागा त्यांची. दोन आले तर त्या दोघांत चिठ्ठी. कुणीच नाही तर चौघांत चिठ्ठी, आणि उरलेल्या जागांचीही चिठ्ठीच. चार ग्रुपमध्ये विचारलं की ती वर्गातली अवघड शांतता होत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी "आम्ही उरकून टाकतो" म्हणतंच. दुसऱ्या सत्राचं हेच चहाच्या वेळी.

त्याच दरम्यान परीक्षकांना चहा देऊन मागच्या वर्षीच्या एका मधल्या दर्जाच्या प्रेझेंटेशनचं सहा-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग दाखवते. रेकॉर्डिंग करतानाच त्या मुलांची परवानगी घेऊन ठेवलेली असते. दोघांनी वेगवेगळे मार्क टाकायचे आणि मग एकमेकांचे बघायचे. एक सर 32 देतात, दुसरे 41. दहा मिनिटं बोलणं होतं आणि दोघांची पट्टी जवळ येते. पहिल्या ग्रुपवर परीक्षकांनी हात बसवून घेऊ नये, यासाठी याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही. एक्स्टर्नल साडेदहाला उगवले तर हे राहून जातं, म्हणून त्यांना मी वेळ साडेनऊचीच सांगते.

लोकल बंद पडली, मुलं दिव्याला अडकली, असं वर्षाआड होतंच. नियम असा: साडेनऊच्या आत कोऑर्डिनेटरला फोन आला तर तो ग्रुप आपल्या सत्रात शेवटी जाईल, मार्क कापले जाणार नाहीत. पूर्ण सत्रच चुकलं तर पुढच्या सत्राच्या शेवटी. आपापसात जागा बदलायला मी परवानगी देत नाही. एकदा दिली होती. दबक्या ग्रुपना दांडग्यांनी सकाळच्या पहिल्या जागेवर सरकवलं, आणि दोघंही म्हणाले, आम्ही राजीखुशीने बदललं.

शेवटच्या ग्रुपचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. सव्वाबाराला एक्स्टर्नल घड्याळ बघू लागतात. कुणीतरी आधी आठ मिनिटं जास्त खाल्लेली असतात. मग शेवटच्यांना "तुम्ही थेट डेमोच दाखवा". 12 मिनिटांच्या जागी सात. म्हणून टेबलावर सगळ्यांना दिसेल असा टायमर, 12 मिनिटांना घंटा, आणि उशीर झालाच तर चहा कापायचा, ग्रुपची मिनिटं नाहीत. शेवटच्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं तरी चालेल, पण तेही बाराव्या मिनिटाला तुटावं.

सही करण्याआधी

मार्क पेन्सिलने किंवा शीटमध्ये 'कच्चे' म्हणून भरायचे. सोळाही ग्रुप होईपर्यंत अंतिम आकडा कुणालाही सांगायचा नाही. 50 मार्क पाच ओळींत फोडलेले असतात: प्रश्नाची समज 10, रचना 10, डेमो 15, प्रश्नोत्तरं 10, रिपोर्ट आणि स्लाइड 5. प्रत्येक ओळीपुढे आकड्याआधी पाच-सहा शब्द लिहायचेच, हा माझा आग्रह. परीक्षक कुरकुरतात. पण नंतर काही तपासता येतं ते या शब्दांवरूनच.

समजा शेवटी सत्रांची सरासरी अशी निघाली: क 35.5, ख 38.5, ग 38, घ 39.5. क सत्रातले चार ग्रुप मागे पडलेले दिसतात. लगेच सगळ्यांना तीन-तीन मार्क वाढवायचे नाहीत. एका सत्रात फक्त चार ग्रुप आहेत. एवढ्या थोड्यांत दोन-तीन मार्कांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आधी हे बघायचं की सेमिस्टरच्या मध्यावर झालेल्या रिव्ह्यूला याच ग्रुपना किती मार्क होते. तिथे क सत्रवाले 25 पैकी सरासरी 15 वर असतील आणि बाकीचे 18 वर, तर चिठ्ठीनेच कच्चे ग्रुप एकत्र पडलेत, विषय संपला. पण तिथे चारही सत्रं 18 च्या आसपास असतील, तर शंकेला जागा आहे.

मग क सत्राच्या शीट उघडायच्या आणि ओळी वाचायच्या. दुसऱ्या ग्रुपपुढे प्रश्नोत्तरांत लिहिलंय, 'मर्यादा स्वतःहून सांगितल्या, डेटाबेसला अडखळले', मार्क 6. अकराव्या ग्रुपपुढे लिहिलंय, 'मर्यादा माहीत, एका प्रश्नाला अडखळले', मार्क 8. शब्द तेच, आकडे वेगळे. यालाच पट्टी सरकणं म्हणतात. दोघा परीक्षकांनी बसून ठरवायचं, या वर्णनाला सात की आठ, आणि मग तो आकडा दोन्हीकडे सारखा लावायचा. आकड्यांपुढे शब्दच नसतील किंवा शब्दही वेगळे असतील, तर मार्क जसेच्या तसे राहतात. सह्या त्यानंतर. परीक्षक निघून गेल्यावर, एकट्याने, कितीही स्पष्ट दिसत असलं तरी आकडा बदलायचा नाही.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. सोमवारचा फळ्याचा फोटो आणि दोन्ही सकाळचे क्रम एका फाइलमध्ये ठेवायचे. मुलांचं हे एकच प्रेझेंटेशन नसतं. सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा पहिला भाग असतो, आठव्याला दुसरा. सातव्यात जे चार ग्रुप क सत्रात होते, त्यांच्या चिठ्ठ्या मी आठव्याला काढताना क सत्र भरेपर्यंत बाजूला ठेवते: आधी उरलेल्या 12 ग्रुपमधून क साठी चार काढायचे, मग या चौघांना डब्यात टाकून बाकीच्या सत्रांच्या 12 चिठ्ठ्यांशी जोड्या लावायच्या. एक भोईर परवा फळ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, घ?" आणि मोबाइल काढून त्याने फोटो घेतला.